दोन कळांच्या मध्ये

पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आदळली की वेदना एका दमात येत नाही, ती दोन हप्त्यांत येते. पहिली कळ लख्ख आणि टोकदार असते. काय झालं, कुठं झालं, हे ती सांगून टाकते. मग क्षणभर काहीच घडत नाही. एक पाय हवेत, एक हात भिंतीला, श्वास अडकलेला, आणि पुरतं ठाऊक असतं की खरी कळ अजून वाटेत आहे. मग ती येते. बोथट, जळजळणारी, पसरत जाणारी, पोटात कालवून आणणारी.

या दोन कळा वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या असतात. काही मज्जातंतूंवर मेदाचं पातळ आवरण असतं. त्यांच्यावरून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं धावतो. दुसरे तंतू बारीक आणि उघडे. त्यांच्यावरचा निरोप सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे जेवण झाल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसाच्या चालीनं येतो. करंगळीपासून कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर मीटरभर धरलं, तर या रमतगमत येणाऱ्या निरोपाला निदान अर्धा सेकंद लागतो, कधी दीड-दोनही. माणसाच्या तोंडून शिवी निघते ती बहुतेक वेळा याच फटीत. म्हणजे झालेल्या दुखण्याला दिलेलं उत्तर म्हणून तर ती येतेच, पण येऊ घातलेल्या दुखण्याच्या वाटेत आडवीही पडते.

त्याच वेळी हात आपोआप करंगळी घट्ट धरतो, चोळतो. या चोळण्याला १९६५ सालापासून शास्त्रात मान आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी तेव्हा मांडलं की स्पर्शाचे निरोप मज्जारज्जूतच वेदनेच्या निरोपांची वाट अडवतात. शिवीला मात्र कुणी असा मान दिलेला नव्हता. वेदनेचे अभ्यासक तिच्याकडे आणखी खालच्या नजरेनं पाहत. शिव्या घालणारा माणूस दुखण्याचा बाऊ करतो, लहानाचं मोठं करून सांगतो आणि त्यामुळे त्याला जास्तच दुखतं, असा एक समज होता. समज तर्काला धरून होता. फक्त तो कुणी तपासून पाहिला नव्हता.

तपासला तो इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी. २००९ साली त्यांचा निबंध छापून आला. प्रयोगाची पद्धत इतकी घरगुती आहे की रविवारी दुपारी कुणालाही करता यावी. ६७ विद्यार्थी घेतले. प्रत्येकाला विचारलं, हातोडीचा घाव अंगठ्यावर बसला तर तुमच्या तोंडून कुठले पाच शब्द निघतील? त्या यादीतली पहिली शिवी ही त्याची शिवी. मग विचारलं, टेबलाचं वर्णन करायचं झालं तर कुठले पाच शब्द वापराल? त्यातला एक शब्द हा त्याचा साधा शब्द. नंतर प्रत्येकानं ५ अंश तापमानाच्या पाण्यात हात बुडवायचा आणि सोसेल तितका वेळ ठेवायचा. एकदा शिवी घोकत, एकदा टेबलाचं विशेषण घोकत. पाच मिनिटं झाली की हात बाहेर काढायला लावायचे.

बर्फाच्या पाण्याची कळ ज्यानं अनुभवली नसेल त्यानं घेऊन पाहावी. पहिली दहा सेकंदं हसू येतं. अर्ध्या मिनिटात बोटांच्या हाडांत कुणीतरी पिळा घालायला लागतं. मिनिटभरात हातच परका होतो आणि तरी दुखायचा थांबत नाही. अशा अवस्थेत ‘लाकडी, लाकडी, लाकडी’ म्हणत उभं राहणाऱ्या त्या पोरांचं मला फार वाईट वाटतं.

शिवी घोकताना हात सरासरी चाळीसेक सेकंद जास्त टिकला. वेदनाही कमी जाणवल्याचं विद्यार्थ्यांनी सांगितलं. नाडी मात्र शिवी देताना जलद झाली. या संशोधनाला २०१० चा इग नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला दिला जाणारा पुरस्कार, तोही शांततेचा.

आता कुणी म्हणेल, ओरडलं की बरं वाटतं, त्यात शिवीचं काय एवढं? शंका रास्त आहे. ‘आई गं’ म्हटल्यानंही बरं वाटतंच. सिंगापूरमध्ये २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात असाच थंड पाण्यात हात घालून नुसतं ‘आऊ’ म्हणणारेही गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. मात्र बटण दाबणारेही टिकले. काहीतरी करायला मिळालं की वेदना सोसवते, एवढंच त्यातून कळतं. कीलच्या प्रयोगात उलट दोन्ही वेळा काहीतरी करायचंच होतं. साधा शब्दही त्याच लयीत, त्याच आवाजात म्हणायचा होता. किंचाळायची मुभा कुणालाच नव्हती. तरीही फरक पडला. म्हणजे ओरडण्याच्या पलीकडचं काहीतरी शिवीत आहे.

ते काय, हे शोधताना स्टीव्हन्सनं आणि ऑली रॉबर्टसननं २०२० साली जे केलं ते मला पहिल्या प्रयोगापेक्षाही आवडतं. त्यांनी शिव्या बनवल्या. कोऱ्या करकरीत. एक ‘फाउच’, दुसरी ‘ट्विझपाइप’. पहिली कानाला खऱ्या शिवीसारखी लागेल अशी. ओठ दाबून फुटणारी, शेवटी दात आवळणारी. दुसरी ऐकताच हसू येईल अशी. विचार असा की शिवीचं बळ तिच्या आवाजात असेल तर पहिली लागू पडेल आणि गमतीनं लक्ष दुसरीकडे वळण्यात असेल तर दुसरी. ९२ जणांवर दोन्ही चालवून पाहिल्या. शेजारी इंग्रजीतली ती जगप्रसिद्ध चार अक्षरी शिवी ठेवली. खऱ्या शिवीनं सहनशक्ती सुमारे एक तृतीयांशानं वाढली. फाउच आणि ट्विझपाइप बिनकामाचे ठरले. लोकांनी त्यांना भावनिक म्हटलं, गमतीदार म्हटलं, पण पाण्यातला हात होता त्याच वेळेला बाहेर आला.

टाकसाळीतून काल निघालेली शिवी चालत नाही, असा याचा अर्थ. तिला भूतकाळ लागतो. स्टीव्हन्सचा कयास असा की लहानपणी कधीतरी या शब्दांसाठी आपण मार खाल्लेला असतो, किंवा मार बसेल म्हणून धसकलेलो असतो. शब्द मोठेपणी तोंडात आला की ती जुनी धास्तीही अंगात उठते. हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण मला ते पटतं, कारण आमच्या घरात त्याची रीतसर व्यवस्था होती. कुणा पोराच्या तोंडून गल्लीतून आणलेला नवा शब्द निघाला की आत्या हातातलं काम टाकून उठायची आणि म्हणायची, “थांब, तोंडात मिरचीच भरते.” मिरची कधी भरली गेली नाही. पण शिंकाळ्याखालच्या मिरच्यांच्या परडीकडे तिनं नुसतं पाहिलं तरी जिभेचं टोक चुरचुरायचं. तो शब्द पुढं आयुष्यात कितीही वेळा उच्चारला तरी पहिल्या अक्षराला ती परडी दिसते.

अमेरिकेत राहणाऱ्या तुर्की माणसांवर कॅथरीन हॅरिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग केला. त्वचेवरच्या घामातला सूक्ष्म फरक मोजत त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले. शिव्यांनी घाम आणलाच, पण बालपणी ऐकलेल्या दटावण्या मातृभाषेतून कानावर पडल्या की तो विशेष फुटला. त्याच दटावण्या इंग्रजीत थंड होत्या. पुण्यातल्या चांगल्या शाळांतल्या मुलांच्या ओठांवर हल्ली ठेच लागली की ‘शिट’ येतं आणि आयांना त्यातल्या त्यात बरं वाटतं. त्या शब्दासाठी त्यांना कुणी परडी दाखवलेली नाही. करंगळीला त्याचा कितपत उपयोग होत असेल, कोण जाणे.

शिवी मेंदूत नेहमीच्या बोलण्याच्या शेजारी राहत नाही, याचाही पुरावा जुना आहे. डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेली माणसं पाण्याला पाणी म्हणू शकत नाहीत, पण चिडली की स्वच्छ शिवी देतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. फ्रेंच कवी बोदलेअरचं १८६६ मध्ये बेल्जियममध्ये तसंच झालं. झटक्यानंतर शब्दांचा तो सम्राट एका ‘क्रेनों’वर आला. देवाच्या नावाची ती अर्धवट शिवी. आनंद, नकार, भूक, संताप, सगळ्याला तेवढंच एक उत्तर. आणि त्याची शुश्रूषा करायला होत्या नन! भाषेचा वाडा कोसळला तरी माजघरातली ही एक खुंटी जागेवर राहते.

या सगळ्यात एक गोम आहे आणि तीही स्टीव्हन्सनंच दाखवून दिली. २०११ साली त्यानं आणि क्लॉडिया उमलांडनं पाण्याचा प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी आधी विचारून घेतलं की रोज साधारण किती शिव्या देता. जे जास्त देत होते त्यांना पाण्यात कमी फायदा झाला. उठसूट देणाऱ्यांची शिवी बोथट झालेली होती.

हे वाचताना मला आमच्याकडे खिडक्यांच्या चौकटी बसवायला आलेले मिस्त्री आठवले. माणूस हाताचा सफाईदार आणि तोंडाचा त्याहून. रंधा अडला की शिवी, पटाशीची धार गेली की शिवी, मदतनिसानं मोजपट्टी उलटी धरली की त्याच्या सगळ्या कुळाला. रागानं नव्हे बरं का. श्वास घ्यावा तसं. घरात बायामाणसं आहेत म्हणून वडिलांनी एकदा हळूच सुचवलं, तर ते मनापासून ओशाळले आणि पुढच्याच वाक्यात दोन शिव्या घालून म्हणाले, “न्हाई देणार, मालक.” एका दुपारी फळी ठोकताना हातोडी त्यांच्या डाव्या अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. आम्ही सगळे कान टवकारून उभे, की आता काय ऐकायला मिळतंय. मिस्त्री काहीही बोलले नाहीत. अंगठा मुठीत धरून खाली बसले, डोळे मिटले आणि बराच वेळ नुसते डोलत राहिले. आता वाटतं, त्यांच्यापाशी त्या क्षणाला पुरेल असं काही शिल्लकच नव्हतं. सगळा माल मोजपट्टीवर आणि रंध्यावर खर्चून झालेला.

याउलट आत्या. तिची जन्माची ठेव जशीच्या तशी. एकदा अंधारात माजघराच्या उंबऱ्याची तिला ठेच लागली आणि ती उंबऱ्याला म्हणाली, “मेल्या!” घर स्तब्ध. तिच्या हिशेबात ती केवढी मोठी शिवी होती, हे तिचं तिलाच ठाऊक. पण चेहरा पाहता पाहता निवळला आणि दुसऱ्या मिनिटाला ती स्वतःच हसायला लागली. प्रयोगशाळेत ‘मेल्या’ला शिवी म्हणून कुणी दाखल करून घेणार नाही. माझ्या मते ती चूक होईल. कुणाची शिवी किती वजनाची, ते त्याच्या घरच्या तागडीवर ठरतं.

आता मुद्दा उंबऱ्याचा. ठेच लागल्यावरची शिवी कुणाला असते? पलंगाच्या पायाला आई नसते, बहीण नसते. शब्द मात्र माणसाचा अपमान करण्यासाठीच घडवलेले, आणि इथं समोर माणूसच नाही. अपमान आहे आणि अपमानित कुणी नाही. तरीही बरं वाटतं. यावरून लोक एक सोयीचा निष्कर्ष काढतात की शिवी म्हणजे मनाची वाफ. कुकरची शिट्टी वाजायलाच हवी. म्हणून ज्याचा राग आलाय त्यालाही चार सुनावून मोकळं व्हावं. राग साठवून ठेवला तर आजार होतो, ओकून टाकला की माणूस हलका होतो, असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. बहुधा सगळ्यांत जास्त तणतणणारेही तेच असतात.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रॅड बुशमननं २००२ साली हे ६०० विद्यार्थ्यांवर तपासलं. त्यांना एक निबंध लिहायला लावला. मग दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा म्हणून शेरा हातात दिला की इतका भिकार निबंध मी आजवर वाचला नाही. असा कुणी विद्यार्थी मुळात नव्हता. मुलं पेटली. मग काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि सांगितलं, शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मारा. काहींना म्हटलं, व्यायाम म्हणून मारा. काहींना नुसतं बसवून ठेवलं. शेवटी त्या न दिसणाऱ्या टीकाकाराच्या कानात कर्कश आवाज सोडायची संधी प्रत्येकाला दिली. ज्यांनी चेहरा आठवून ठोसे हाणले होते त्यांचा राग सर्वांत जास्त भडकलेला निघाला. सर्वांत कमी सूड घेतला तो काहीही न करता बसून राहिलेल्यांनी. त्याच बुशमननं सोफी क्यॅर्विकबरोबर २०२४ मध्ये दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही तेच दिसलं. अंग तापवणाऱ्या उपायांनी राग उतरत नाही. अंग थंड करणाऱ्यांनी उतरतो.

मला वाटतं, कीलच्या आणि बुशमनच्या प्रयोगांत विसंगती नाही, दोन्हींत एकच यंत्र दोन कामांना जुंपलं गेलंय. शिवी माणसाला तापवते, असा कीलच्या मंडळींचा पहिला अंदाज होता. जलद झालेली नाडी त्यांना त्याचीच खूण वाटली. संकटात सापडलेल्या जनावराचं अंग असंच तापतं आणि पळण्याच्या किंवा लढण्याच्या भरात त्याला जखम जाणवत नाही. पुढच्या काही प्रयोगांत नाडीनं त्यांना तशी साथ दिली नाही, त्यामुळे हा अंदाज अजून अंदाजच आहे. पण तो खरा असेल तर हिशेब जुळतो. वेदनेवर ताप चालतो, कारण वेदना त्यात बुडून जाते. रागावर तोच ताप घातला तर राग त्यावर पोसतो, कारण राग म्हणजेच तर ताप. शिवाय ठेच लागल्यावर शिवी देऊन झाली की गोष्ट संपते. उंबरा उलटून बोलत नाही. माणूस बोलतो. त्याचं उत्तर येतं, त्याला प्रत्युत्तर जातं आणि ज्या क्षणी नाडी उतरणीला लागायची त्याच क्षणी तिला नवं सरपण मिळतं.

मन दुखावलं असेल तर? तिथं गोष्ट परत उंबऱ्यासारखी होते, असं मायकेल फिलिप आणि लॉरा लोम्बार्डो यांच्या २०१७ च्या अभ्यासावरून दिसतं. कुणी तरी आपल्याला डावललं होतं, तो प्रसंग लोकांना आठवायला लावला. मग काहींना दोन मिनिटं शिव्या द्यायला सांगितल्या, काहींना दुसराच शब्द म्हणायला सांगितला. शिव्या देणाऱ्यांना ते डावललं जाणं कमी बोचलं. डावलणारा मात्र समोर नव्हता. दोन मिनिटं, आणि उलटून बोलायला तो नाही. हे मला फार व्यवहारी वाटतं. ऑफिसातून घरी येताना गाडीच्या काचा वर करून सिग्नलला एकटेच तोंड हलवणारे गृहस्थ दिसतात, त्यांच्याकडे मी तेव्हापासून आदरानं पाहतो.

समोर माणूस असूनही शिवी निर्विष ठेवायची करामत मात्र प्रयोगशाळेत जमलेली नाही. ती सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात जमली आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या शेजारच्या दोन गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला बोरीचा बार म्हणतात. वाद्यं कडाडत असतात. बायका पदर खोचून, हातवारे करत, पार ओढ्याच्या पाण्यापर्यंत येतात आणि पोलीस त्यांना मागं सारत असतात. वर्तमानपत्रांत दर श्रावणात फोटो येतो. फोटोतल्या बायकांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं तर भुवया चढलेल्या आणि तोंडं उघडी दिसतात, पण निम्म्याअधिक हसत असतात.

इथं शिवी देणारीला ठाऊक असतं की ती पलीकडच्या अमुक एकीला नाही, पलीकडच्या काठाला आहे. घेणारीलाही ते ठाऊक असतं. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. वर्षभर सासू, नवरा, दीर यांच्यापुढं गिळलेलं सगळं त्या काठावर ओतलं जात असेलही, नसेलही. तसं कुणी मोजलेलं नाही आणि बाईला विचारलं तर ती सांगणार नाही. मला दिसतो तो तिथला काटकसरीचा हिशेब. रोज न बोलता ठेवलेले शब्द वर्षातून एकदा, त्यासाठीच नेमलेल्या दिवशी काढले जातात. मधून ओढा वाहत असतो, त्यामुळे हात पोचत नाही. वाद्यांच्या गदारोळात नेमकं कोण काय म्हणालं, हे कुणालाच धड ऐकू येत नाही, आणि ऐकूच आलं नाही तर घरी जाऊन मनात घोळवणार काय?